फायनल बिलाचा हिशोब: आमच्या मते ३८ लाख येणे, पीएमसी म्हणते तुम्हीच ६,६५० द्या

चाकण_बिलिंग
चाकणला एका कारखान्याची शेड आणि जोडून दुमजली ऑफिस, असं काम आमच्या कंपनीने पूर्ण केलं. करार आयटम रेटचा, मूळ रक्कम २४० लाख, जीएसटी वेगळा. काम चालू असताना नऊ आरए बिलं झाली. आता मालकाच्या सहीसाठी अंतिम हिशोबपत्रक द्यायचं आहे आणि ते माझ्याकडे आलंय.

मी असं केलं: मूळ २४० लाख, अधिक एक्स्ट्रा आयटम १७.८० लाख, एकूण २५७.८० लाख. बँकेत आजवर जमा (जीएसटी सोडून) २१९.४८ लाख. म्हणून येणे ३८.३२ लाख. मालकाच्या प्रकल्प सल्लागाराने, म्हणजे पीएमसीने, परत पाठवलेल्या पत्रकात शेवटची ओळ आहे उणे ०.०६६५ लाख, म्हणजे ६,६५० रुपये आम्हीच द्यायचे. त्यांनी उशिराची भरपाई म्हणून एलडी १२ लाख, स्टीलचे २.०८ लाख आणि विजेचे १.१५ लाख कापलेत. फरक ३८ लाखांच्या वर जातो. साहेब म्हणतात, सरळ नोटीस पाठवू. त्याआधी पत्रक तपासून घ्यावं म्हणून इथे विचारतोय.

मापवही
नोटीस थांबवा. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, ती थेट वजा करून काही कळणार नाही.

चार गोष्टी सांगा. बीओक्यूतलं, म्हणजे करारातल्या माप-दर यादीतलं, एखादं काम झालंच नाही किंवा कमी झालं, असं आहे का? आरए ९ पर्यंत प्रमाणित झालेली एकूण रक्कम किती (बँकेत आलेली नव्हे)? बिलांतून रोखून ठेवलेलं रिटेन्शन किती टक्के आणि सुटणार कधी? आणि १७.८० लाखांपैकी लेखी मंजुरी कितीला आहे?

चाकण_बिलिंग
मागची कंपाऊंड वॉल मालकाने नंतर रद्द केली, बीओक्यूत तिचे ११.४० लाख होते. बाकी काही आयटमची मापं वाढली, त्याचे अधिक २.९० लाख होतात. आरए ९ पर्यंत प्रमाणित २३६ लाख. रिटेन्शन प्रत्येक बिलातून ५ टक्के, अर्धं काम पूर्ण झाल्यावर आणि अर्धं १२ महिन्यांच्या दोषदुरुस्तीच्या मुदतीनंतर, म्हणजे डीएलपीनंतर. एक्स्ट्रापैकी १४.२० लाखांना मंजुरीची पत्रं आहेत. उरलेले ३.६० लाख फरशीखालच्या मुरूम भरणीचे, साईटवर तोंडी सांगितलेले.

निखिल_साईट
कंपाऊंड वॉल त्यांनी रद्द केली ना, मग तुमचे २४० लाख तसेच राहतात. करार रक्कम ठरलेली असते, मालकाच्या मर्जीने ती कमी होत नाही. आणि टीडीएस तर आपलाच पैसा आहे, तोही येण्यात धरायचा.

मापवही
निखिल, तुम्ही म्हणता ते लमसम करारात बऱ्याच अंशी चालतं. तिथेसुद्धा वगळलेल्या कामाची किंमत दरपत्रकावरून वजा होते, पण निदान मूळ रक्कम हा पाया राहतो. हा करार आयटम रेटचा आहे. इथे २४० लाख ही अंदाजित मापांची बेरीज होती. पैसे मिळतात ते प्रत्यक्ष मापाला. भिंत बांधली नाही, तिचं माप शून्य, पैसे शून्य. एवढं मोठं काम वगळल्यामुळे नफा बुडाल्याचा दावा कधीकधी करता येतो, पण तो वेगळा दावा म्हणून, करारात तशी तरतूद असेल तर. हिशोबपत्रकात भिंत धरून ठेवायची नाही.

टीडीएसचं उलटं आहे. पैसा आपला हे खरं, पण मालकाने तो आपल्या नावाने सरकारात भरला आहे. आता मालकाकडे तो मागता येत नाही, आयकर विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं. २३६ लाखांवर २ टक्के म्हणजे ४.७२ लाख २६एएसमध्ये दिसतात का ते आज पाहून घ्या. न दिसलेली रक्कम असेल तर तिचा तगादा लावायचा, पण वेगळ्या पत्राने.

पत्रकाचे दोन भाग करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. वरच्या भागात कामाची किंमत, खालच्या भागात पैशाची वाट.

वरचा भाग (लाखात):
मूळ करार रक्कम २४०.००
भिंत वगळली, उणे ११.४०
वाढलेली मापं, अधिक २.९०
मंजूर एक्स्ट्रा, अधिक १४.२०
कामाची अंतिम किंमत २४५.७०

इथे रिटेन्शन, टीडीएस, वीज, एलडी यातलं काहीही येत नाही. यातल्या कशानेही भिंतीचं किंवा फरशीचं माप बदलत नाही. मालकाची पहिली सही या भागावर घ्यायची, कारण इथे वाद झाला तर तो मापांचा आणि मंजुरीपत्रांचा असतो, तो कागदावर मिटतो.

सुजाता_क
आम्ही कोल्हापूरला बंगला बांधतोय, कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाच्या दराने. तोही फायनल बिलात एक्स्ट्रा म्हणून २ लाख मागतोय, खिडक्यांचे ग्रिल आणि टेरेसचं वॉटरप्रूफिंग. आम्हालाही ५ टक्के रिटेन्शन कापता येईल का?

मापवही
ताई, करारात रिटेन्शन लिहिलेलं नसेल तर फायनलला अचानक कापता येत नाही. वॉटरप्रूफिंगची हमी हवी असेल तर पावसाळा संपेपर्यंत ठराविक रक्कम रोखायची, असं आता दोघांच्या सहीने लिहून घ्या. ग्रिल दरात धरलं आहे की नाही, हे करारासोबतच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर बघायचं. धागा भरकटू नये म्हणून तुमचा प्रश्न नव्या धाग्यात टाका, तिथे सविस्तर लिहितो.

चाकण_बिलिंग
वरचा भाग समजला. मग खालच्या भागात रिटेन्शन पूर्ण १२.२८५ लाख धरायचं की ११.८०? पीएमसीच्या पत्रकात वेगळेच आकडे आहेत, ५.६५७५ सोडतो म्हणतात. मला वाटलं अर्धं म्हणजे ५.९० मिळेल.

मापवही
इथे पीएमसी बरोबर आहे. रिटेन्शन अंतिम किमतीवर बघायचं. २४५.७० चे ५ टक्के १२.२८५, त्यातलं अर्धं म्हणजे ६.१४२५ डीएलपी संपेपर्यंत राहणार. आजवर कापलेलं ११.८०. त्यातून ६.१४२५ ठेवून घेतले की सुटतात ५.६५७५. शेवटच्या ९.७० लाखांतून रिटेन्शन वेगळं कापायचं नाही, ते यातच आलं. ५.९० सोडून शिवाय ९.७० वर ५ टक्के कापले तर मालकाकडे ६.३८५ राहतील, म्हणजे तुमचे सुमारे २४ हजार वर्षभर जास्त अडकतील.

खालचा भाग:
अंतिम किंमत २४५.७० उणे आधी प्रमाणित २३६.०० = ९.७०
रिटेन्शन सुटलं, अधिक ५.६५७५
टीडीएस या बिलावर, उणे ०.१९४
वसुलीपूर्वी देय १५.१६३५

त्याखाली वसुली, प्रत्येक बाबीला एक ओळ आणि एक जोडपत्र. वीज १.१५ लाख सबमीटरच्या रीडिंगशी ताडून पाहा. जुळत असेल तर मान्य करून टाका.

आधी बँकेत आलेली रक्कम वजा करायची सवय सोडा. ती वजा केली की जुनं रिटेन्शन आणि जुना टीडीएस दोन्ही आपोआप "येणे" म्हणून वर येतात. तुमचे ३८.३२ लाख तसेच तयार झालेत. नेहमी आधी प्रमाणित झालेली एकूण रक्कम वजा करायची.

सीए_पुणे
एक भर. जीएसटी इन्व्हॉइसची बेरीज २३६ लाखांशी जुळते का ते पाहा. काही कॉन्ट्रॅक्टर रिटेन्शन वगळून इन्व्हॉइस काढतात. तसं झालं असेल तर जुळवणी आताच करावी लागेल, नाहीतर वर्षभराने रिटेन्शन सुटताना कागद सापडत नाहीत. एलडी कापली म्हणून इन्व्हॉइसची किंमत कमी करू नका. ती मालकाची भरपाई आहे, तुमच्या कामाचा दर तिने घटत नाही.

आमच्या एका क्लायंटचं अंतिम माप आरए बिलांपेक्षा कमी निघालं होतं. तिथे क्रेडिट नोट काढावी लागली आणि तिला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची मुदत असते. तुमच्याकडे २४५.७० हे २३६ पेक्षा जास्त आहे म्हणून ती वेळ आली नाही.

चाकण_बिलिंग
इन्व्हॉइस २३६ लाखांचेच आहेत, पाहिलं. वीजही रीडिंगशी जुळते.

आता स्टील. मालकाने आम्हाला ६२ टन दिलं, काट्यावरच्या वजनाने. सळ्यांच्या कटिंग यादीप्रमाणे, म्हणजे बीबीएसप्रमाणे, कामात गेलं ५७.६ टन. पूर्ण लांबीच्या सळ्या १.२ टन चलनाने परत केल्या. उरलेले ३.२ टन ६५,००० दराने लावून २.०८ लाख वसूल केलेत.

मापवही
वेस्टेजचं कलम वाचा. मालकाने दिलेल्या स्टीलला बहुतेक करारांत ठराविक टक्के घट मान्य असते.

चाकण_बिलिंग
आहे, ३ टक्के. पीएमसीने धरलेलंच नाही.

मापवही
मग ५७.६ वर ३ टक्के म्हणजे १.७२८ टन घट मान्य. तूट राहते १.४७२ टन, रक्कम ९५,६८०. म्हणजे १,१२,३२० रुपये फक्त कलम न वाचल्यामुळे कापले गेलेत. कटपीसचं भंगार या ३ टक्क्यांतच येतं, ते पुन्हा परतीत दाखवू नका. नाहीतर तेच पत्रक पीएमसी तुमच्याविरुद्ध वापरेल.

रत्नागिरीकर_क्यूएस
याला आणखी एक बाजू आहे. स्टील काट्यावर मोजून दिलं आणि बीबीएस मात्र पुस्तकी वजनाने, म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२ या हिशोबाने. १२ मिमी सळी पुस्तकात मीटरला ०.८८९ किलो. आयएस १७८६ मध्ये १० मिमीपेक्षा जाड आणि १६ मिमीपर्यंतच्या सळीच्या बॅचला पाच टक्के कमी-जास्त चालतं, १० मिमीपर्यंत सात टक्के. सळी मीटरला ०.९१ किलोची आली असेल तर बीबीएसमध्ये न दिसणारं दोन टक्क्यांहून जास्त स्टील प्रत्यक्षात काँक्रीटमध्ये गेलं आहे. उरलेली तूट बहुधा तिथेच सापडेल. प्रत्येक लॉटची मीटर-वजनाची नोंद साईटवर केली होती का?

चाकण_बिलिंग
दोन लॉटची आहे, बाकीच्यांची नाही.

रत्नागिरीकर_क्यूएस
मग त्या दोन लॉटपुरतं मागा. पण सळी हलकी निघाली असेल तर हाच हिशोब उलटा फिरतो, त्यामुळे आधी नोंद बघा, मग मुद्दा काढा. नोंदीशिवायच्या लॉटवर सरसकट टक्का लावलात तर आहे तेही जाईल.

मापवही
मुरूम भरणीकडे वळू. ३.६० लाख कशावर काढले?

चाकण_बिलिंग
४५० घनमीटर, ८०० रुपयांनी. गाड्यांच्या पावत्यांवरून १५९ ब्रास.

निखिल_साईट
मग झालं की. ब्रास पावत्या आहेत, मालकाच्या सिक्युरिटीचा गेटवरचा शिक्काही असेल. पैसे द्यावेच लागतील.

मापवही
गेटचा शिक्का म्हणजे मुरूम आल्याचा पुरावा आहे, आणि तो उपयोगाचा आहे. पण गाडीतलं माप सुट्या मुरुमाचं. रोलर फिरल्यावर त्याचं माप घटतं. भरणीचा आयटम दाबलेल्या मापाने असेल तर ४५० कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. माप दोन लेव्हलमधून काढा, भरणीआधीची जमीन आणि फरशीच्या थरांखालची पातळी. भरणीआधी एकत्र लेव्हल घेतल्या होत्या का?

चाकण_बिलिंग
नाही. त्या दिवशी पीएमसीचा इंजिनियर साईटवर नव्हता.

रत्नागिरीकर_क्यूएस
सुरुवातीचा काँटूर सर्व्हे मालकानेच करून घेतलेला असतो, लेआउट ड्रॉइंगवर त्याच्या लेव्हल असतात. ती ड्रॉइंग त्यांचीच असल्याने नाकारणं अवघड जातं. त्यावरून माप काढा, प्लिंथ बीमच्या आत मावतं तेवढंच धरा, आणि गेटच्या पावत्या फक्त आधार म्हणून जोडा. माप ४५० पेक्षा कमी येईल, पण टिकेल. तोंडी सूचनेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्या आठवड्यातली साईट मीटिंगची नोंद, व्हॉट्सॲपचा मेसेज, ईमेल, काहीतरी शोधा. करारात "लेखी आदेशाशिवाय एक्स्ट्रा नाही" असं कलम असेल तर हा आयटम मालकाच्या मर्जीवर जाऊ शकतो.

चाकण_बिलिंग
कलम आहे. मीटिंगच्या नोंदीत "फरशीखाली मुरूम टाकून पातळी वाढवणे" एवढं वाक्य आहे, सही पीएमसीची.

मापवही
चांगलं आहे. तो लेखी आदेश ठरतो की नाही यावर वाद होईल, पण हातात काही नाही असंही नाही. पत्रकात हा आयटम वादग्रस्त स्तंभात ठेवा, मान्य रकमेत नको.

एलडीचं सांगा आता. १२ लाख म्हणजे ५ टक्के, पूर्ण कमाल मर्यादा.

चाकण_बिलिंग
दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. काम १४ आठवडे उशिरा संपलं, म्हणून ७ टक्के होऊन मर्यादेवर थांबवलंय. पण मालकाचं स्टील ५ आठवडे उशिरा आलं आणि ऑफिसच्या स्लॅबची सुधारित ड्रॉइंग ४ आठवडे उशिरा. म्हणजे ९ आमचे नाहीत. उरले ५ आठवडे, सहा लाख.

मापवही
हिंडरन्स रजिस्टरवरच्या तारखा बघा. दोन्ही अडथळे एकाच काळात होते का?

चाकण_बिलिंग
दोन आठवडे एकमेकांवर येतात.

मापवही
मग ९ नव्हे, ७. एकच आठवडा दोनदा माफ होत नाही. उरले ७ आठवडे, साडेतीन टक्के, ८.४० लाख. पत्रकात ६ लाख लिहिलंत तर पीएमसी रजिस्टर उघडून पहिल्या पानावरच तुम्हाला अडवेल, आणि बाकीच्या बरोबर मुद्द्यांवरचा विश्वासही जाईल.

ॲड_ठाणे
एक कायद्याचा मुद्दा. उशिरा झालेलं काम ताब्यात घेताना मालकाने उशिराची भरपाई मागणार असं कळवलं होतं का? भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, उशिरा केलेली पूर्तता स्वीकारताना तशी सूचना दिली नसेल तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. आणि कलम ७४ खाली करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाई त्याहून कमी ठरू शकते. शेडमध्ये मशिनरी कधी बसवली?

चाकण_बिलिंग
काम संपण्याच्या ८ आठवडे आधी. ताब्याच्या पत्रात एलडीचा उल्लेख नाही. पण आरए ८ च्या कव्हरिंग लेटरमध्ये "एलडीचा हक्क राखून" असं एक वाक्य होतं.

ॲड_ठाणे
ते वाक्य पुरेसं आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. करारात शेवटच्या बिलातून एलडी कापायचा स्वतंत्र अधिकार दिला असेल तर मालकाची बाजू जड होते. शेड वापरात घेतल्यानंतर एलडी फक्त ऑफिसच्या किमतीवर मोजावी, असा तुमचा मुद्दा मात्र मांडण्यासारखा आहे. करारात अंशतः ताब्याचं कलम आहे का ते बघा.

मापवही
आता दोन पत्रकांमधला फरक एकदा ओळीने मांडतो, म्हणजे साहेबांना दाखवता येईल. तुमच्या ३८.३२ लाखांतून भिंत आणि मापांचे ८.५०, जुना टीडीएस ४.७२, या बिलाचा टीडीएस ०.१९४ आणि डीएलपीपर्यंतचं रिटेन्शन ६.१४२५, हे १९.५५६५ लाख वादाचे नाहीतच, मांडणीतून आलेत. वीज १.१५ आणि स्टीलचे ०.९५६८ मान्य करण्यासारखे. उरतात ते मुरुमाचे ३.६०, स्टीलच्या घटीचे १.१२३२ आणि एलडीचे १२. भांडण या १६.७२ लाखांचं आहे, आणि त्यातही एलडीत तुमच्या रजिस्टरप्रमाणे ८.४० राहतातच.

म्हणजे मुरूम बाजूला ठेवून आज तुमच्या बाजूने टिकणारा आकडा: १५.१६३५ उणे वीज १.१५, उणे स्टील ०.९५६८, उणे एलडी ८.४०, बरोबर ४.६५६७ लाख. वर ९.७० लाखांवरचा १८ टक्के जीएसटी वेगळा.

पत्रकाला तीन स्तंभ द्या: कॉन्ट्रॅक्टरची मागणी, मालकाची मान्यता, फरक. फरकाच्या प्रत्येक ओळीपुढे जोडपत्राचा क्रमांक. मापाच्या शीटवर आणि ॲब्स्ट्रॅक्टवर दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर.

निखिल_साईट
मालक म्हणेल, पैसे हवेत तर नो क्लेम सर्टिफिकेटवर सही करा. सगळे करतात.

ॲड_ठाणे
तिथेच जपायचं. सर्टिफिकेटमध्ये "अंतिम व संपूर्ण पूर्तता, यापुढे कोणताही दावा नाही" असं असेल तर मुरूम, एलडी आणि डीएलपीनंतरचं ६.१४२५ लाखांचं रिटेन्शन, सगळ्यावर पाणी पडू शकतं. दबावाखाली सही घेतली असं सिद्ध करता येतं, पण तो लांबचा रस्ता आहे. सर्टिफिकेट द्यायचंच असेल तर "जोडपत्र एकमधील बाबी आणि डीएलपी रिटेन्शन वगळून" हे शब्द त्याच वाक्यात हवेत, खाली वेगळ्या टीपेत नकोत. आणि मान्य रक्कम आधी द्यावी, वादाच्या बाबींवर दोघांचे हक्क राखून, असं कव्हरिंग लेटरमध्ये मागा.

रत्नागिरीकर_क्यूएस
डीएलपीची सुरुवात कोणत्या तारखेपासून, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख आणि फायनल बिलाची तारीख यात काही महिने असतात. मालक नंतरची तारीख धरतो आणि रिटेन्शन तेवढं पुढे जातं. तुमच्याकडे शेड आठ आठवडे आधी वापरात गेली, म्हणजे शेडचं डीएलपी वेगळं धरायचं का, हाही प्रश्न आहे.

चाकण_बिलिंग
अंशतः ताब्याचं कलम शोधलं. "मालकाने वापरात घेतलेल्या भागाला डीएलपी त्या तारखेपासून लागू" असं आहे, एलडीबद्दल काहीच नाही. स्टीलचं कलम पीएमसीला दाखवलं, १.१२३२ लाख मान्य झाले. मुरुमासाठी काँटूर ड्रॉइंगवरून माप ३७२ घनमीटर येतंय. एलडीत ते आठवडे कमी करायला तयार आहेत, पण आता म्हणतात अर्धा टक्का मूळ २४० वर नाही, २४५.७० वर. करारात "काँट्रॅक्ट व्हॅल्यू" एवढंच लिहिलंय. यावर काय भूमिका घ्यावी?

मापवही
करारातली "काँट्रॅक्ट व्हॅल्यू"ची व्याख्या पहिल्या दोन पानांत असते, ती शोधा. व्याख्या नसेल तर स्वीकृतीपत्रावरची रक्कम धरा, ती २४०. सात आठवड्यांवर फरक सुमारे २० हजारांचा आहे, त्यासाठी सही अडवू नका.

ॲड_ठाणे
माझं मत वेगळं आहे. २० हजार सोडा, पण पाया मान्य केला असं लिहून देऊ नका. शेडचा भाग वगळून एलडी मोजायचा मुद्दा पुढे न्यायचा असेल तर पायाच बदलणार आहे. तोवर ती ओळ वादग्रस्त स्तंभातच राहू द्या.